तळ अधिक सहा मजल्यांचा अग्निसुरक्षा अहवाल: आग कुठे अडते आणि माणूस कुठून बाहेर पडतो, हे कागदावर कसं मांडायचं

कोल्हापुरात नव्याने काम सुरू केलेल्या आर्किटेक्ट आणि सिव्हिल इंजिनियर मंडळींना पहिल्या मोठ्या इमारतीच्या वेळी एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "फायरचा रिपोर्ट पण लावा." मग कुणाचा तरी जुना रिपोर्ट मिळवला जातो. त्यात पाण्याची टाकी किती लिटरची, पंप किती अश्वशक्तीचा, हायड्रंट किती आणि सिलिंडर कुठे टांगलेत याची यादी असते. नाव बदलून तीच यादी पुढे जाते आणि महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडून शेरे मारून परत येते.

ती यादी लागतेच, पण ती म्हणजे अहवाल नव्हे. अधिकाऱ्याला पहिल्यांदा दोन गोष्टी कळायला हव्या असतात. आग लागली तर ती कोणत्या भिंतीपाशी आणि कोणत्या दारापाशी थांबणार? तोवर माणसं कोणत्या वाटेने रस्त्यावर पोचणार? मी गेली काही वर्षं हे अहवाल तयार करतो आणि घेऊन जातो. इथे फक्त या दोन प्रश्नांचीच उत्तरं कशी मांडायची ते सांगतो. पंप, टाकी, अलार्म यांवर वेगळं लिहावं लागेल.

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुन्याची इमारत धरू. राजारामपुरीत प्लॉट आहे. खाली ९०० चौ.मी. पार्किंगचं तळघर. तळमजल्यावर पुढे ४२० चौ.मी. दुकानं, मागे प्रवेशाची लॉबी. पहिल्या मजल्यावर कार्यालयं. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत फ्लॅट, मजल्याला सहा. प्रत्येक वरचा मजला ३२ मीटर लांब, २० मीटर रुंद, म्हणजे ६४० चौ.मी. दोन जिने आहेत, दोन्ही बाहेरच्या भिंतीला लागून.

## १. आधी उंची आणि वापर लिहून टाका

तळमजला ४.२ मीटर, पहिला ३.६ आणि वरचे पाच मजले प्रत्येकी ३ मीटर. बेरीज २२.८ मीटर. बिल्डर म्हणतो, "सातच मजले तर आहेत, हाय-राइज कुठं?" पण राष्ट्रीय इमारत संहिता २०१६, भाग ४ मध्ये १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत म्हणजे उंच इमारतच. त्यामुळे दोन जिने, ज्वालारोधक दारं, गाडी फिरायला मोकळी जागा हे सगळं लागू होतं. मात्र २४ मीटरच्या आत असल्याने या इमारतीला रेफ्युज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी लोकांनी थांबायची सुरक्षित जागा, काढावी लागत नाही. पुढे कुणी "एक मजला वाढवूया" म्हणालं तर हे वाक्य त्याला दाखवा, कारण ३ मीटर वाढले की २४ ओलांडले आणि अहवाल नव्याने लिहावा लागला.

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे आपण जिला यूडीसीपीआर म्हणतो ती, आणि संहिता दोन्ही उघड्या ठेवा. एखाद्या बाबतीत दोघींचे आकडे वेगळे दिसले तर कडक आकडा घ्या आणि तो का घेतला ते एका ओळीत लिहा. अधिकाऱ्याला ती ओळ दिसली की अर्धी चर्चा वाचते.

वापर लिहिताना नेमकं लिहा. "व्यापारी व रहिवासी" असं मोघम नको. तळघर पार्किंग, तळमजला दुकानं, पहिला मजला कार्यालयं, वर सदनिका. हे का महत्त्वाचं आहे ते तिसऱ्या टप्प्यात माणसं मोजताना कळेल.

## २. नकाशावर लाल रेषा काढा, आणि पेन उचलू नका

कंपार्टमेंट म्हणजे आगीला कोंडून ठेवायचा कप्पा. त्याच्या भिंती, वरची-खालची स्लॅब आणि त्यांतली दारं ठरावीक वेळ आग सोसतात, आपल्या इमारतीत १२० मिनिटं. माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक मजल्याच्या नकाशावर या कप्प्याची सीमा जाड लाल रेषेने काढायची आणि ती सुरू झाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे. मध्ये पेन उचलावं लागलं तर तिथे भोक आहे. मग तेच सेक्शनवर करायचं, खालून वर. बहुतेक भोकं प्लॅनवर दिसतच नाहीत, सेक्शनवर सापडतात.

संहिता कप्प्याचं कमाल क्षेत्र ठरवून देते. स्प्रिंकलर असलेल्या पार्किंगच्या तळघराला ३,००० चौ.मी., कार्यालयांना ३,०००, दुकानांना २,००० आणि रहिवासासारख्या इतर वापरांना ७५०. आपलं तळघर ९०० चं, दुकानं ४२० ची, वरचा मजला ६४० चा. सगळं आत बसतं. मजला ७५० पेक्षा लहान असल्याने त्याचे दोन कप्पे पाडायची सक्तीही नाही. इथे नवखा माणूस "नियमानुसार आहे" असं लिहून पुढे जातो.

तिथेच फसतो. हे क्षेत्र मोजताना गृहीत धरलेलं असतं की एका मजल्याचा कप्पा दुसऱ्यापासून खरोखर तोडलेला आहे. जिन्याला दार नसेल, आपल्याकडे जसा लॉबीतून सरळ उघडा जिना असतो तसा असेल, तर धूर त्याच वाटेने वर जातो. मग फ्लॅटचे पाच मजले मिळून कप्पा ३,२०० चौ.मी.चा झाला आणि मर्यादा ७५० ची आहे. उसाच्या रानात एका ठिकाणी बांध फुटला की बाकीचा बांध कितीही पक्का असला तरी पाणी पलीकडे जातंच, तसं हे आहे. प्रत्येक मजल्यावर दोन जिन्यांची दोन दारं, एवढ्यावर सगळं उभं आहे. म्हणून अहवालात क्षेत्राचा तक्ता देण्याआधी या दारांचा तक्ता द्या.

लाल रेषेवर चार जागा नीट पाहा.

स्लॅब. अहवालात "स्लॅब १२० मिनिटं" असं लिहिलेलं असतं आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर स्लॅब ११५ मिलिमीटरची असते. आयएस ४५६ प्रमाणे दोन तासांच्या अग्निरोधासाठी स्लॅबची जाडी किमान १२५ मिलिमीटर लागते, आणि सळईवरचं कव्हर सलग स्लॅबला २५, साध्या टेकूच्या स्लॅबला ३५ मिलिमीटर. रहिवासी खोल्यांचे गाळे लहान असतात, म्हणून ११० ते १२० ची स्लॅब ताकदीच्या हिशोबात सहज बसते. स्ट्रक्चरल इंजिनियर चुकलेला नसतो, त्याला आगीचं कुणी सांगितलेलंच नसतं. स्लॅब ओतल्यावर हे लक्षात आलं तर उपाय महाग पडतो. म्हणून बांधकाम परवान्याच्या आधीच त्याच्याकडून जाडी आणि कव्हर लिहून घ्या, आणि ते पत्र अहवालाला जोडा.

जिन्याचं दार. १२० मिनिटांचं ज्वालारोधक दार म्हणजे नुसता जाड पत्रा नव्हे. चौकट, पल्ला, बिजागऱ्या, कुलूप आणि आपोआप बंद करणारा क्लोजर हे सगळं मिळून एकत्र तपासलेलं असतं. आयएस ३६१४ प्रमाणे तपासणी केल्याचा अहवाल विक्रेत्याकडून मागा आणि दारावरच्या पट्टीचा फोटो ठेवा. स्थानिक फॅब्रिकेटरकडून "तसंच" दार करून घ्यायचा मोह होतो. दिसायला तसंच होतं, पण त्याच्या मागे कागद नसतो.

शाफ्ट. वीज, पाणी, सांडपाणी आणि वेट रायझर, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा उभा पाइप, यांचे शाफ्ट मजल्यामजल्याला स्लॅबला भोक पाडत वर जातात. विजेचा शाफ्ट वेगळा हवा. त्यात पाण्याचा किंवा गॅसचा पाइप, टेलिफोनची केबल चालत नाही. केबल ओढून झाल्यावर प्रत्येक मजल्यावर उरलेली फट स्लॅबइतक्याच वेळेच्या फायर-स्टॉप मालाने बुजवायची असते. प्लास्टिकचा सांडपाण्याचा पाइप असेल तर एक जास्तीची गोष्ट लागते. आगीत पाइप वितळतो आणि भोक उघडं पडतं. म्हणून त्याच्याभोवती उष्णतेने फुगून भोक दाबून टाकणारी कॉलर बसवतात. साइटवर बहुतेक ठिकाणी पिवळा फोम मारलेला सापडतो. विचारा, कोणता फोम आणि त्याचा तपासणी अहवाल कुठे आहे. साधा फोम स्वतःच पेटतो.

दर्शनी काच. पहिल्या मजल्याच्या कार्यालयाला रस्त्याच्या बाजूने सलग काच लावायची हौस असते. काच आणि स्लॅबची कड यांच्यात हाताची बोटं जातील एवढी फट राहते, आणि तीच फट खालच्या दुकानातला धूर वर नेते. सेक्शनवर ती मोठी करून दाखवा आणि काय भरणार ते लिहा.

तळमजल्याच्या दुकानांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. दुकान म्हणजे नेहमी कपड्याचं नसतं. चपलांच्या दुकानामागे चिकटवायच्या सोल्युशनचे डबे असतात, रंगाच्या दुकानात थिनर असतो. वर लोक झोपलेले असतात. म्हणून आपल्या नमुन्यात दुकानं आणि वरचा मजला यांच्यात सलग स्लॅब ठेवली आहे, दुकानांच्या मागच्या भिंतीत लॉबीकडे एकही दार नाही, आणि ज्वालाग्राही साठा चालणार नाही अशी अट विक्री-करारात घालायचं सुचवलं आहे. "मागे एक छोटं दार द्या, मालकाला वर घरी जायला बरं पडतं," ही मागणी येतेच. त्या एका दाराने दुकानाचा धूर रहिवाशांच्या लॉबीत येतो. नाही म्हणा.

## ३. माणसं मोजा, आणि भाडेकरू बदलला तर काय ते आताच पाहा

संहितेत वापरानुसार माणशी क्षेत्र दिलेलं आहे. सदनिकांना १२.५ चौ.मी., कार्यालयांना १०, रस्त्याच्या पातळीवरच्या दुकानांना ३. भागाकार केला की माणसं मिळतात.

फ्लॅटचा मजला: ६४० भागिले १२.५, म्हणजे ५२ माणसं. कार्यालयांचा मजला: ६४ माणसं. दुकानं: ४२० भागिले ३, म्हणजे १४०, पण ती सरळ रस्त्यावर निघतात, जिन्यावर येत नाहीत.

जिन्याला माणशी १० मिलिमीटर रुंदी लागते आणि सपाट वाटेला व दाराला ६.५. आपला प्रत्येक जिना दीड मीटरचा आहे, कारण कार्यालयांना तेवढा लागतो. तो १५० माणसांना पुरतो. एक मीटरचं दार १५३ माणसांना पुरतं. हिशोब आरामात बसतो. त्यापुढे मी स्वतःच्या समाधानासाठी आणखी एक ओळ घालतो: एक जिना धुराने बंद आहे असं धरलं तर दुसरा एकटा पुरतो का? ५२ आणि ६४ दोन्ही १५० च्या आत आहेत, म्हणजे पुरतो.

आता कोल्हापुरात खरोखर काय होतं ते पाहा. पहिल्या मजल्यावर कार्यालयं म्हणून परवानगी मिळते आणि दोन वर्षांत तिथे क्लास येतो. शैक्षणिक वापराला माणशी ४ चौ.मी., म्हणजे १६० मुलं. दोन्ही जिने चालू असतील तर चालेल, पण एक बंद झाला तर दुसऱ्याला झेपत नाही. क्लासच्या जागी हॉटेल आलं तर माणशी १.४ चौ.मी. धरून आकडा ४५८ वर जातो, आणि दोन्ही जिने मिळून ३०० च. हा मजला हॉटेलला देताच येत नाही. ही तुलना अहवालात तीन ओळींत द्या आणि खाली लिहा की वापर बदलायचा झाला तर अहवाल पुन्हा मंजूर करून घ्यावा लागेल. बिल्डरला हे आवडणार नाही. पण उद्या गाळा विकताना त्याच्याच हातात हा कागद कामाला येतो.

जिन्याच्या पायऱ्यांचा एक सापळा इथेच सांगून टाकतो. कार्यालयांचा वापर असल्याने पायरीची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, पाऊल ठेवायची रुंदी ३०० हवी आणि एका सलग टप्प्यात १२ पेक्षा जास्त पायऱ्या नकोत. ३ मीटरच्या मजल्याला २० पायऱ्या, दहा-दहा. ३.६ ला २४, बारा-बारा. इथपर्यंत ठीक. पण ४.२ मीटरच्या तळमजल्याला २८ लागतात. ड्राफ्ट्समन सवयीने चौदा-चौदा काढतो आणि मर्यादा मोडते. तिथे तीन टप्पे करावे लागतात, दहा, नऊ, नऊ. त्याला जास्त जागा लागते, म्हणून हे पहिल्याच स्केचमध्ये सोडवा.

## ४. चालायचं अंतर मोजा, रेघेने नव्हे, पावलाने

मजल्यावरच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून जिन्याच्या ज्वालारोधक दारापर्यंतचं अंतर ३० मीटरच्या आत हवं. हे माणूस जसा चालेल तसं मोजायचं, भिंतीला वळसा घालून, दारातून. दुकानात रॅक असतील तर रॅकच्या कडेने. नकाशावर एका कोपऱ्यातून दुसऱ्यापर्यंत सरळ रेघ मारलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. ती भिंतीतून आरपार गेलेली असते आणि अधिकारी पहिल्यांदा तिच्यावरच बोट ठेवतो.

आपल्या मजल्यावर मधोमध कॉरिडॉर आहे. दोन जिन्यांची दारं एकमेकांपासून २० मीटरवर, आणि दोन्ही टोकांना जिन्याच्या दारापुढे कॉरिडॉर ३ मीटर जातो. नवखा माणूस कोपऱ्यातला फ्लॅट धरतो, कारण तो सगळ्यात लांब दिसतो. त्याच्या आतल्या बेडरूमच्या कोपऱ्यातून फ्लॅटच्या दारापर्यंत १६ मीटर, तिथून जिना ३ मीटर, एकूण १९. आता मधला फ्लॅट घ्या. आत १४ मीटर, पण बाहेर आल्यावर दोन्ही जिने १० मीटरवर. एकूण २४. खरा वाईट फ्लॅट मधला आहे. दोन्ही अंतरं नकाशावर आकड्यासकट दाखवा. कोपऱ्यातला मोजून थांबलात तर अधिकारी मधला मोजायला लावतो, आणि मग बाकीच्या आकड्यांवरही त्याचा विश्वास कमी होतो.

दोन जिने एकमेकांपासून लांब का हवेत, तर एका आगीने दोन्ही बंद होऊ नयेत म्हणून. मजल्याचा कर्ण काढा: ३२ आणि २० चा कर्ण ३७.७ मीटर. जिन्यांमधलं अंतर निदान त्याच्या निम्मं, म्हणजे १८.९ हवं. आपले जिने २० मीटरवर, म्हणजे बसतं, पण जेमतेम. फ्लॅटची विक्री वाढावी म्हणून नंतर कुणी एक जिना दीड मीटर आत सरकवला तर बसणार नाही. म्हणून हा आकडा नकाशावर लिहूनच ठेवा.

कॉरिडॉरच्या टोकाचे ते ३ मीटर म्हणजे डेड एंड, जिथून एकाच दिशेने परत यावं लागतं. रहिवासाला आणि कार्यालयाला १५ मीटरपर्यंत चालतं. शैक्षणिक, वैद्यकीय आणि लोक जमण्याच्या जागांना मात्र फक्त ६. क्लास आला की हेही बदलतं.

## ५. जिना जमिनीला टेकतो कुठे?

वरचे सगळे मजले चोख आणि तळाशी घोळ, असे अहवाल सर्वाधिक अडकतात. जिना म्हणजे कप्प्यांमधून जाणारा सुरक्षित खांब. तो थेट मोकळ्या हवेत निघाला नाही तर वरची सगळी मेहनत पार्किंगमध्ये जाऊन संपते.

आपल्या नमुन्यात पहिला जिना पुढच्या लॉबीतून रस्त्याच्या बाजूला निघतो, दुसरा मागच्या मार्जिनमध्ये. दोघांच्या तळाशी ही तपासणी करा.

- जिन्याखाली महावितरणचे मीटर नाहीत ना? आपल्याकडे मीटरची जागा म्हणजे जिन्याखालचा कोनाडा, ही जुनी खोड आहे. मीटर रूम वेगळी, तिचं दार बाहेरच्या बाजूला.
- वरून येणारा जिना सरळ तळघरात उतरत नाही ना? तळघराचा जिना जमिनीच्या पातळीवर भिंतीने आणि दाराने तोडलेला हवा. नाहीतर तळघरातल्या गाडीचा धूर वर चढतो, आणि अंधारात खाली येणारा माणूस रस्त्यावर न थांबता तळघरात जातो.
- लिफ्ट तळघरात जात असेल तर तिथे तिच्यापुढे दार असलेली लॉबी आहे ना?
- मागच्या मार्जिनमध्ये निघालेला माणूस पुढे रस्त्यावर कसा येतो? तिथे कंपाउंड, जनरेटर किंवा कुलूपबंद गेट असेल तर ती वाट नव्हे.
- प्रत्येक लँडिंगला बाहेरच्या भिंतीत निदान अर्धा चौ.मी. उघडणारी खिडकी आहे ना, आणि जिन्याच्या माथ्यालाही झरोका?

दोन्ही जिने गच्चीवर न्या. गच्चीच्या दाराला कुलूप ही आपल्या सोसायट्यांची सवय आहे, चोरांची भीती खरी असते. आतून किल्लीशिवाय उघडणारी पुश-बार कडी लावली तर दोन्ही साधतं. अहवालात तसं लिहा.

साइट प्लॅनवर गाडीची वाट दाखवा. गेट किमान ४.५ मीटर रुंद, वर कमान असेल तर ५ मीटर उंच मोकळी, इमारतीभोवती ६ मीटर जागा, वळायला ९ मीटरची त्रिज्या, आणि जमीन ४५ टनांची गाडी पेलणारी. तळघराची स्लॅब मार्जिनखाली जात असेल तर गाडी त्या स्लॅबवर उभी राहणार आहे, हे स्ट्रक्चरल इंजिनियरला सांगा.

पुराच्या पट्ट्यात, २०१९ आणि २०२१ ला जिथे पाणी आलं होतं तिथे काम असेल, तर फायर पंप तळघरात ठेवू नका. हा विषय या लेखाचा नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

## ६. अहवाल कसा बांधायचा

बारा-पंधरा पानं पुरतात. पहिल्या पानावर इमारतीची ओळख, उंची आणि मजल्यागणिक वापर. दुसऱ्यावर साध्या मराठीत दोन परिच्छेद: आग कुठे अडणार, माणसं कुठून निघणार. मी हा भाग सगळ्यात शेवटी लिहितो आणि सगळ्यात जास्त वेळा खोडतो. अधिकारी बरेचदा हे पान वाचून थेट नकाशे उघडतात. मग तक्ते, मग नकाशे.

नकाशे दोन वेगळे संच करा. एकात फक्त लाल रेषा आणि दारं, दुसऱ्यात फक्त हिरव्या वाटा आणि अंतरं. एकाच नकाशावर फर्निचर, प्लंबिंग, स्प्रिंकलर आणि वाटा घातल्या की कुणालाच काही दिसत नाही. प्रत्येक ज्वालारोधक दाराला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक तक्त्यात, नकाशावर आणि पुढे साइटवर त्या दारावर असू द्या.

सोबत लागणारे कागद:

- मालकीचा कागद: प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा
- साइट प्लॅन, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि मार्जिनसह
- सर्व मजल्यांचे प्लॅन, निदान दोन सेक्शन (त्यातला एक जिन्यातून), एलिव्हेशन
- कंपार्टमेंट आणि सुटकेच्या वाटांचे नकाशे
- माणसांच्या संख्येचा, जिन्यांच्या क्षमतेचा, दारांचा आणि शाफ्टचा तक्ता
- स्ट्रक्चरल इंजिनियरचं पत्र: स्लॅब, कव्हर आणि गाडीचा भार
- दारं आणि फायर-स्टॉप मालाचे तपासणी अहवाल (परवान्याच्या टप्प्यावर विक्रेता ठरला नसेल तर किमान कोणत्या मानकाचं घेणार ते)

सगळ्या नकाशांवर एकच तारीख आणि एकच रिव्हिजन क्रमांक हवा. नगररचना विभागाकडे गेलेल्या प्लॅनमध्ये जिना डावीकडे आणि फायरच्या प्लॅनमध्ये उजवीकडे, असा प्रकार घाईत सहज होतो, आणि मग फाइल दोन्ही टेबलांवर थांबते.

## ७. तात्पुरती ना हरकत आणि अंतिम, यांच्यामध्ये

बांधकामाआधी मिळते ती तात्पुरती ना हरकत. इमारत झाल्यावर, भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी, अंतिम. मधल्या दोन-अडीच वर्षांत लाल रेषेला भोकं पडतात. इंटरनेटवाला येतो, एसीवाला येतो, गॅसच्या पाइपचा माणूस येतो, आणि प्रत्येकाकडे ड्रिल असतं.

म्हणून प्लास्टर आणि फॉल्स सीलिंग लागण्याआधी एकदा अहवालाचे नकाशे घेऊन प्रत्येक मजला चाला. शाफ्टचं दार उघडा आणि टॉर्च वर मारा. वरच्या मजल्याचा प्रकाश दिसला तर फायर-स्टॉप झालेलं नाही, यापेक्षा सोपी चाचणी नाही. ज्वालारोधक दार पूर्ण उघडा आणि सोडून द्या. ते स्वतःहून येऊन खटक्यात बसलं पाहिजे. अर्ध्यावर थांबत असेल तर क्लोजर ढिला आहे किंवा खालची फरशी चढली आहे. दाराला लाकडी पाचर लावून ठेवलेली सापडली तर मजुरांवर चिडू नका. सिमेंटच्या पाट्या घेऊन दहा वेळा ते दार उघडायला त्यांचेच हात लागतात. काम संपेपर्यंत पल्ले काढून सुरक्षित ठेवा आणि शेवटी बसवा.

पाहणीच्या दिवशी अधिकारी नकाशा हातात घेऊन खालून वर चालतात. "हा जिना वर निघतो का? दाखवा," असं म्हणतात आणि खरंच गच्चीपर्यंत जातात. सोबत दारांचा तक्ता, फोटो आणि पावत्या असू द्या. परवानाधारक एजन्सीने बसवलेल्या यंत्रणेचा 'नमुना अ' त्याच फाइलमध्ये लावा.

ताबा देताना सोसायटीला अहवालाची एक प्रत आणि दोन्ही रंगीत नकाशे द्या. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा 'नमुना ब' महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो, आणि ती जबाबदारी आता बिल्डरची नाही, त्यांची आहे, हे बैठकीतच सांगा. त्याच बैठकीत लँडिंगवर लोखंडी ग्रील बसवायचा ठराव येतो, चपलांच्या रॅकसाठी, कुंड्यांसाठी. तेव्हा हिरव्या वाटांचा नकाशा टेबलावर पसरा आणि ग्रील कुठे येतं ते त्यांनाच पेन्सिलने काढायला सांगा.